धागा: वीज गेली की डेस्कटॉपचे घड्याळ मागे जाते, सेल बदलूनही तेच

दिवेलागण (धागाकर्ती)

माझ्या डेस्कटॉपला सात वर्षे झाली. गेल्या दीड महिन्यापासून रोज सकाळी तो सुरू केला की काळ्या पडद्यावर पुढील ओळ येते आणि F1 दाबल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

```
CMOS Date/Time Not Set
Press F1 to Run SETUP
```

तारीख प्रत्येक वेळी १ जानेवारी २०१९ आणि वेळ मध्यरात्रीची असते. विंडोज उघडल्यावर ब्राउझर कोणतेही संकेतस्थळ धड उघडू देत नाही, कारण त्याच्या मते सगळी प्रमाणपत्रे भविष्यातील आहेत. तारीख हाताने दुरुस्त केली की दिवसभर सारे सुरळीत चालते. रात्री काम संपल्यावर मी संगणक बंद करते आणि भिंतीवरचे बटणही बंद करते. दिवसा मधूनच वीज गेली तरीही परत तेच होते.

हे सेल संपल्याचे लक्षण आहे एवढे मला माहीत होते, म्हणून परवा कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढला आणि त्याच क्रमांकाचा नवा बसवला. जुन्या सेलवर मल्टिमीटर लावला तेव्हा १.९ व्होल्ट दिसले. नवा सेल बसवण्यापूर्वी ३.२६ व्होल्ट दाखवत होता. तरीही काल सकाळी पुन्हा १ जानेवारी २०१९. नवा सेल चांगला असूनही घड्याळ का टिकत नाही, आणि आता पुढे काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

---

वेगवान

बोर्डवर तीन पिनांचा क्लिअर सीमॉसचा जंपर असतो. तो एकदा पलीकडच्या जागी लावून दहा सेकंद ठेवा आणि परत जागेवर आणा. सेल बदलल्यावर हे करायचेच असते, नाही तर बोर्डाला नवा सेल कळत नाही. दुसरे असे की सेल बदलताना संगणकाची वायर काढायची नसते. वायर लावलेली असली की घड्याळाला बाहेरून वीज मिळत राहते आणि काहीच पुसले जात नाही. तुम्ही वायर काढून बदलला असेल तर तिथेच चूक झाली.

---

रेशीमगाठ

धागाकर्तीने जंपरला कृपया लगेच हात लावू नये. मी असाच सल्ला ऐकून तो जंपर हलवला होता. घड्याळाचा प्रश्न होता तसाच राहिला, पण बायोसमधील माझ्या सर्व नोंदी मूळ स्थितीला गेल्या आणि विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन त्यावर INACCESSIBLE_BOOT_DEVICE असे दिसू लागले. हार्ड डिस्क गेली असे समजून मी अर्धा दिवस रडकुंडीला आले होते. शेवटी कळले की विंडोज टाकताना साटा मोड AHCI होता आणि बोर्डाची मूळ नोंद RAID होती. ती एक नोंद परत बदलल्यावर सर्व जागेवर आले.

तेव्हापासून मी कॅबिनेट उघडण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र काढून ठेवते. साटा मोड, बूटचा क्रम, सिक्युअर बूट चालू की बंद, आणि मेमरीचा वेग ही चार पाने तरी हवीतच. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकांची रिकव्हरी की त्याच संगणकाबाहेर कुठे तरी लिहिलेली आहे ना, हेही आधी पाहावे, कारण या नोंदी बदलल्या की तो ती मागू शकतो.

माझी एक शंका मात्र आहे. धागाकर्तीच्या लिहिण्यावरून तिचे फक्त घड्याळ जाते, बाकीच्या नोंदी जात नाहीत असे वाटते. सेल संपला तर दोन्ही एकदमच जायला नकोत का?

---

दोन_प्रणाली

माझ्याही संगणकाचे घड्याळ असेच चुकते. लिनक्समधून बाहेर पडून विंडोजमध्ये गेलो की काही तासांचा फरक पडलेला असतो. मी दोन वेळा सेल बदलला, दोन्ही वेळा व्यर्थ. त्यामुळे सेलच्या मागे लागण्यात अर्थ नाही असे माझे स्पष्ट मत झाले आहे. विंडोजमध्ये वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करावी आणि विषय संपवावा.

---

तांब्याची_तार

चार जणांचे चार वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत, म्हणून एकेक घेतो. मी बरीच वर्षे बोर्ड दुरुस्त करतो आणि हा बिघाड आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो.

आधी दोन_प्रणाली यांचे. तुमच्या घड्याळातला फरक दर वेळी नेमका तेवढाच असतो का, ते पाहा. असेल, तर तुमच्या सेलला काहीही झालेले नाही. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतो, म्हणून तुमच्या ठिकाणची वेळ जागतिक वेळेपेक्षा जेवढी वेगळी असेल तेवढाच फरक पडतो. लिनक्समध्ये पुढील आज्ञा देऊन RTC time ही ओळ वाचा, म्हणजे बोर्डाच्या घड्याळात खरोखर काय आहे ते दिसेल.

```
timedatectl
```

त्याचा उपाय सोपा आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही. धागाकर्तीची तारीख वर्षांनी मागे जाते आणि तीही फक्त वीज तुटल्यावर. शिवाय इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय तिच्या बाबतीत दुखणे झाकून ठेवील, बरे करणार नाही. आणि वेळ इतकी मागे असली की ती जुळवणीही अनेकदा नीट होत नाही.

आता मूळ प्रश्न. संगणक बंद असतो पण भिंतीवरचे बटण चालू असते, तेव्हा पॉवर सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टची एक राखीव वाट देतच राहतो. त्याच वाटेतून घड्याळाला वीज मिळते आणि सेल जवळजवळ न वापरता पडून राहतो. भिंतीवरचे बटण बंद केले, किंवा वीज गेली, की ती वाट तुटते आणि घड्याळाचा सारा भार सेलवर येतो. म्हणूनच तुमचे घड्याळ दिवसभर ठीक चालते आणि रात्रीत मरते. यावरून एक गोष्ट पक्की ठरते. घड्याळ स्वतः चांगले आहे, त्याचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल चांगला आहे, फक्त सेलकडून त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नाही. जुना सेल १.९ व्होल्टवर आला होता, म्हणजे तो संपलाच होता. साधारण २ व्होल्टच्या खाली हे घड्याळ चालेल याची हमी नसते. तेव्हा सेल बदलण्याचा तुमचा निर्णय बरोबर होता. पण नव्या सेलची वीजही पोहोचत नाही याचा अर्थ बदलताना वाटेत दुसरेच काही तरी तुटले आहे, आणि माझा पहिला संशय सेलच्या खोबणीवर आहे.

त्यासाठी दोन मापे घ्या. संगणक बंद करा, पॉवर सप्लायच्या मागचे बटण बंद करा, वायर काढा आणि सुरू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज ओसरेल. सेल खोबणीतच राहू द्या. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी टोच कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूवर, म्हणजे पॉवर सप्लायच्या स्क्रूवर टेकवा. लाल टोच आधी सेलच्या वरच्या पाठीवर, म्हणजे अधिक चिन्ह असलेल्या बाजूवर टेकवा आणि आकडा लिहून घ्या. मग तीच लाल टोच सेलवरून काढून खोबणीच्या धातूच्या पट्टीवर टेकवा आणि तोही आकडा लिहून घ्या.

दोन्ही वेळा ३.२च्या आसपास आले तर खोबणी चांगली आहे, पुढे शोधावे लागेल. सेलच्या पाठीवर ३.२ आणि पट्टीवर शून्य आले तर पट्टी सेलला टेकत नाही. दोन्ही ठिकाणी शून्याच्या आसपास आले, तर खालचा संपर्क टेकत नाही, कारण सेलची खालची बाजूच कॅबिनेटशी जोडलेली नाही. हातात धरलेल्या सेलवर मीटर लावून यातले काहीही कळत नाही. तुम्ही घेतलेले ३.२६ हे सेलचे आरोग्य होते, वाटेचे नव्हे.

रेशीमगाठ यांची शंका रास्त आहे. जुन्या बोर्डांत तारीख आणि बाकीच्या नोंदी दोन्ही सेलवरच्या स्मृतीत असत, म्हणून दोन्ही एकदम जात. अलीकडच्या बहुतेक बोर्डांत नोंदी बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये राहतात, तिला सेल लागत नाही. घड्याळाला मात्र सेलशिवाय गत्यंतर नाही. तरी काही बोर्ड घड्याळाची वीज तुटल्याचे दिसताच स्वतःहून मूळ नोंदी भरतात, त्यामुळे तुमचा छायाचित्रांचा रिवाज सगळ्यांनीच पाळावा असा आहे.

---

वेगवान

मी वायर लावलेली ठेवून तीन संगणकांचे सेल बदलले आहेत आणि तिन्हींची वेळ एका मिनिटानेही हलली नाही. राखीव वाटेतून घड्याळाला वीज मिळते हे तुम्हीच आता लिहिले आहे. मग माझे चुकले कुठे?

---

तांब्याची_तार

घड्याळ टिकते हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामागचे कारणही तुम्ही बरोबर सांगितले. आक्षेप वेगळाच आहे. सीआर२०३२ ही २० मिलिमीटर व्यासाची धातूची चकती आहे आणि खटका दाबताच ती टुणकन उडते. बोर्डाला राखीव वीज चालू असताना ती चकती किंवा तुमच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर ग्राफिक्स कार्डाच्या खोबणीवर पडला, तर जे गमवावे लागेल त्यापुढे चुकलेली वेळ काहीच नाही. वाचवायचे काय आहे, तर तारीख आणि वेळ, जी पुन्हा भरायला एक मिनिट लागते. तीन वेळा काही झाले नाही हे चांगलेच झाले, पण मी स्वतः हे करत नाही आणि कोणाला सांगणारही नाही.

जंपरचे म्हणाल तर बोर्डाला नवा सेल कळण्यासाठी त्याची गरज नसते. सेलचे व्होल्टेज पोहोचले की झाले. मात्र पूर्वी कधी तो जंपर हलवून परत जागेवर आणायचा राहिला असेल, तर चांगला सेल असूनही घड्याळ टिकणार नाही. म्हणून धागाकर्तीने तो हलवू नये, पण बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या नेहमीच्या जागी आहे का एवढे डोळ्यांनी पाहावे.

---

दिवेलागण

सर्वांचे आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे मापे घेतली.

जंपर पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे पहिल्या आणि दुसऱ्या पिनेवरच आहे. सेलच्या पाठीवर लाल टोच टेकवल्यावर ०.०२ व्होल्ट आले आणि पट्टीवरही ०.०२. मीटरच बिघडला की काय असे वाटून सेल बाहेर काढून पुन्हा मोजला, तर ३.२६. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या तीन शक्यतांपैकी तिसरी.

मग टॉर्च लावून खोबणीत पाहिले. तळाशी पितळी रंगाच्या पातळ पत्र्याची दोन लहान बोटे आहेत. त्यांतले एक किंचित वर उचललेले दिसते, दुसरे मात्र प्लॅस्टिकच्या तळाला पूर्ण चिकटले आहे, आणि पहिलेही फारसे उंच नाही. आता आठवते की जुना सेल निघेना तेव्हा मी बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या खाली घालून उचकटला होता. बाजूला खटका असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ग्राफिक्स कार्डाने तो भाग झाकला होता आणि ते न काढताच मी हे सारे केले.

ही बोटे वर उचलता येतील का, की पूर्ण खोबणीच बदलावी लागेल?

---

वेगवान

यापेक्षा सोपे म्हणजे सेलखाली चांदीच्या कागदाची घडी घाला. मी दुसऱ्या एका ठिकाणी सीआर२०२५ बसवून खाली असेच केले होते. व्होल्टेज दोन्हींचे ३च असते.

---

तांब्याची_तार

चांदीचा कागद घालू नका. सेलची वरची बाजू आणि कड हा एकच धातू आहे आणि खालच्या बाजूपासून तो फक्त एका बारीक प्लॅस्टिकच्या कड्याने वेगळा होतो. घडी थोडी सरकून कडेला लागली की सेलची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात, आणि सेल एका दिवसात रिकामा होतो. सीआर२०२५चे व्होल्टेज आणि व्यास तोच आहे हे खरे, पण त्याची जाडी २.५ मिलिमीटर आहे आणि सीआर२०३२ची ३.२. तो पाऊण मिलिमीटरच खालच्या बोटांवर दाब देतो. पातळ सेल बसवला की संपर्क सैल होतो, आणि मग कॅबिनेटला धक्का लागला की घड्याळ जाते, असा दुसऱ्या प्रकारचा बिघाड सुरू होतो. त्याच धाग्यात हेही सांगतो की पुन्हा चार्ज होणारा एलआयआर२०३२ बसवू नये. मापाने तो बसतो, पण पूर्ण भरल्यावर त्याचे व्होल्टेज ४.२ असते आणि बोर्डाची ही वाट ३ व्होल्टच्या सेलसाठी केलेली आहे.

दिवेलागण, तुमची खोबणी बदलण्याची वेळ बहुधा आलेली नाही. वायर काढलेली असू द्या. या वेळी ग्राफिक्स कार्ड काढाच. त्याच्या खोबणीच्या टोकाला असलेला खटका दाबल्याशिवाय ते ओढू नका. नंतर सेलच्या बाजूचा धातूचा खटका नखाने बाहेरच्या दिशेला ढकला, सेल आपणहून वर येईल. ज्या बोर्डांवर सेलवरून कमानीसारखी पट्टी गेलेली असते तिथे ती पट्टी कधीही उचलायची नसते, सेल तिच्याखालून बाजूला सरकवायचा असतो. हे इतर वाचकांसाठी.

बोट उचलायला धातूचे काही वापरू नका. दात कोरायची लाकडी काडी पत्र्याच्या मोकळ्या टोकाखाली सरकवा आणि अगदी हलकेच, एक मिलिमीटरच्या आसपास वर घ्या. दोन्ही बोटे सारख्या उंचीवर आणा. एकदाच उचला. पुनःपुन्हा वाकवले तर पत्रा मुळाशी तुटतो, आणि मग खोबणी उपटून नवी डकवण्याशिवाय मार्ग उरत नाही. तळाशी आणि पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या. सेलही त्याच बोळ्याने पुसा आणि कडेने धरून बसवा, कारण बोटांचा तेलकटपणा संपर्काला चांगला नाही.

अलीकडे काही सेलांवर, मुलांनी तोंडात घालू नये म्हणून, कडू लेप दिलेला असतो. त्या लेपाची जागा नेमकी संपर्काखाली आली तरीही वीज पोहोचत नाही. तुमचा सेल तसा असेल तर बोळ्याने तो भाग नीट पुसून घ्या किंवा बिनलेपाचा सेल आणा.

सेल बसवल्यावर ग्राफिक्स कार्ड लावण्याआधी तीच दोन मापे पुन्हा घ्या. ३.२ दिसेपर्यंत कॅबिनेट बंद करू नका.

---

जुना_पंखा

सेलचाच विषय आहे म्हणून माझी अडचण इथेच मांडतो. माझ्या डेस्कटॉपमध्ये नवा सेल बसवला की घड्याळ उत्तम चालते, पण पाच महिन्यांत सेल संपतो. असे सलग तीन सेल झाले, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीचे आणि बंद पाकिटातले. हा संगणक आठवड्यातून एकदाच वापरतो आणि बाकी वेळ भिंतीवरचे बटण बंद असते. वर सांगितलेली मापे घेतली, दोन्ही ठिकाणी ३.१. म्हणजे संपर्क ठीक आहे. तरी सेल का खाल्ला जातो?

---

तांब्याची_तार

तुमची तक्रार धागाकर्तीच्या उलट आहे. तिच्याकडे वीज पोहोचत नव्हती, तुमच्याकडे ती नको तितकी वाहून जाते आहे. किती वाहते ते मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

एक किलो-ओहमचा रेझिस्टर घ्या. वायर काढलेल्या संगणकातून सेल बाहेर काढा. सेलच्या खालच्या बाजूपासून एक बारीक वायर कॅबिनेटच्या धातूला जोडा. सेलच्या वरच्या बाजूपासून रेझिस्टर आणि रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून वायर खोबणीच्या धातूच्या पट्टीला. वायरी चिकटपट्टीने पक्क्या करा. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फक्त रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मोजा. एक किलो-ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितकाच मायक्रोअँपिअर प्रवाह, हिशेब करावा लागत नाही. जोडल्या क्षणी आकडा मोठा असेल, एक-दोन मिनिटे थांबून स्थिर झालेला आकडा घ्या.

चांगल्या बोर्डावर तो एक आकडी येतो. समजा ५ आला, तर सीआर२०३२ची साधारण २२० मिलिअँपिअर-तासांची क्षमता ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे पुरते.

---

जुना_पंखा

मोजले. स्थिर झालेला आकडा ६१ मिलिव्होल्ट आहे. दोनदा जोडून पाहिले, दुसऱ्यांदा ६०.

---

तांब्याची_तार

२२० मिलिअँपिअर-तासांना ०.०६१ने भागा. ३,६०० तास येतात, म्हणजे १५० दिवस. तुमचे पाच महिने हिशेबात तंतोतंत बसले. तुमच्या सेलांत खोट नव्हती.

आता गळती कुठे आहे ते शोधणे मात्र सेल बदलण्याइतके सोपे नाही. सेलच्या वाटेवर एक दुहेरी डायोड आणि एक-दोन लहान कपॅसिटर असतात. त्यांतला एखादा कपॅसिटर चिरला असेल, डायोड उलट दिशेने गळत असेल, किंवा त्या भागात ओल, धूळ, डाग यांचा थर बसला असेल. यांतले शेवटचे आधी वगळा, कारण त्याला फक्त ब्रश आणि अल्कोहोल लागते. सेलच्या खोबणीभोवतीचा तळहाताएवढा भाग मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा आणि पुन्हा मोजा. चिपच आतून गळत असेल तर त्याला उपाय नाही.

---

दिवेलागण

काम झाले आहे, सविस्तर लिहिते.

ग्राफिक्स कार्ड काढल्यावर खटका स्पष्ट दिसला. नखाने ढकलताच सेल खरोखरच उडाला आणि कॅबिनेटच्या तळाशी जाऊन पडला, तेव्हा वायर काढून ठेवण्याचे महत्त्व कळले. लाकडी काडीने दोन्ही बोटे वर घेतली. तळाला चिकटलेले बोट पहिल्या प्रयत्नात उठले नाही, कारण त्याचे टोक प्लॅस्टिकच्या खाचेत अडकले होते. काडी बाजूने घातल्यावर ते सुटले. अल्कोहोलने पुसून सेल बसवला. सेलच्या पाठीवर ३.२५, पट्टीवर ३.२५.

मग बायोसमध्ये जाऊन तिथेच तारीख आणि वेळ भरली, जतन केली आणि संगणक बंद करून नेहमीप्रमाणे भिंतीवरचे बटणही बंद केले. सकाळी सुरू करण्यापूर्वी इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि विंडोजमध्ये न जाता थेट बायोस उघडला, म्हणजे वेळ दुसरीकडून जुळवली गेली अशी शंका राहू नये. दहा तासांनंतर मनगटी घड्याळाशी सेकंदाचाही फरक मला दिसला नाही. F1ची ओळही आली नाही. साटा मोड आणि सिक्युअर बूट छायाचित्राशी ताडून पाहिले, दोन्ही तसेच आहेत.

एक विचारायचे राहिले. सेल संपत आला आहे हे पुढच्या वेळी आधी कळेल का, की पुन्हा एखाद्या सकाळी एकदम F1च दिसणार?

---

तांब्याची_तार

अनेकदा आधी कळते. घड्याळ एकदम मूळ तारखेला जाण्यापूर्वी काही दिवस असे होते की वीज जितका वेळ बंद होती तितक्याने ते मागे पडलेले असते. रात्री अकराला बंद केले, सकाळी सातला सुरू केले आणि घड्याळात अकरा वाजून काही मिनिटे झालेली असली, तर समजावे की घड्याळ थांबण्याइतके व्होल्टेज उतरले आहे, पण तारीख विसरण्याइतके नाही. अशा वेळी नवा सेल मिळेपर्यंत भिंतीवरचे बटण चालू ठेवावे, म्हणजे राखीव वाटेवर घड्याळ चालत राहते. इंटरनेट लगेच जोडले जात असेल तर मात्र ही खूण विंडोज पुसून टाकतो आणि ती तुमच्या नजरेस पडत नाही.

---

रेशीमगाठ

जुन्या सेलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. तो १.९ व्होल्टवर आला असला तरी निरुपद्रवी झालेला नाही. लहान मुलाने गिळला तर नेमका याच मापाचा सेल अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि जिथे जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्यावा. टेबलाच्या खणात सुटा टाकू नये.

---

जुना_पंखा

धुऊन, दोन दिवस वाळवून पुन्हा मोजले. ६१ वरून ३८ वर आले आहे. याचा अर्थ थर होताच, पण सगळी गळती त्याची नव्हती. ३८वर सेल आठ महिने टिकेल.

---

वेगवान

आठ महिन्यांनी एक सेल बदलणे हे डायोड आणि कपॅसिटर उपटत बसण्यापेक्षा बरे. किंवा सरळ भिंतीवरचे बटण चालू ठेवा, म्हणजे सेल वापरलाच जाणार नाही.

---

तांब्याची_तार

बटण चालू ठेवण्याचा सल्ला या बोर्डासाठी मला मान्य आहे. मात्र ३८ हा आकडा स्थिर राहील असे समजू नका. चिरलेल्या कपॅसिटरची गळती वाढत जाऊ शकते. दर दोन महिन्यांनी त्याच रेझिस्टरने मोजा आणि आकडा कॅबिनेटच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. वाढत गेला, तर त्या भागातले दोन कपॅसिटर एकेक करून काढून पाहण्याची माझी तयारी आहे, तुम्ही बोर्डाचे स्पष्ट छायाचित्र इथे टाका.

---

जुना_पंखा

छायाचित्र उद्या टाकतो. धुताना एक गोष्ट दिसली ती नोंदवून ठेवतो. सेलच्या खोबणीपासून बोटभर अंतरावर, एका तीन पायांच्या बारीक काळ्या घटकाजवळ, बोर्डाचा हिरवा रंग थोडा पांढुरका झालेला आहे. ब्रशने तो डाग गेला नाही.